छतावरचं १ लाख लिटर पाणी: हातात नेमकं किती येतं?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत घरोघरी एक पत्रक वाटलं गेलं. छतावरचं पाणी साठवून देणाऱ्या कुणा व्यावसायिकाचं होतं. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, '१००० चौरस फुटांच्या घरावरून वर्षाला १ लाख लिटर पाणी!' शेजारचे काका ते घेऊनच माझ्याकडे आले. 'सर, तुम्ही गणित शिकवलंय. हे खरं काय? १ लाख लिटर म्हणजे आपला पाण्याचा प्रश्नच मिटला की!'

मी म्हटलं, बसा काका, आकडा तपासूया. त्या संध्याकाळी कागदावर जे झालं आणि नंतर पावसाळाभर गच्चीवर जे दिसलं, ते इथं लिहितोय. कारण यातून निघालेली गोष्ट आमच्या दोन घरांपुरती नाही, सगळ्या कोल्हापूरची आहे. पोस्ट लांब आहे, पण आकडेमोड चौथीच्या पोराला जमेल एवढीच आहे.

आधी मूळ हिशेब. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. म्हणून सूत्र असं: छताचं क्षेत्रफळ (चौरस मीटर) गुणिले पाऊस (मिलिमीटर) गुणिले वाहून येणारा हिस्सा, बरोबर लिटर. तीनच आकडे आहेत. पण गंमत अशी की तिन्ही फुगवता येतात, आणि प्रत्येक थोडा थोडा फुगवला की गुणाकार भलताच फुगतो.

पहिला आकडा क्षेत्रफळाचा. काकांनी घरपट्टीची पावती आणली होती, तिच्यावर साधारण १००० चौरस फूट. पत्रकातल्या उदाहरणाशी तंतोतंत जुळलं, म्हणूनच ते एवढे खूश होते. पण काकांचं घर दुमजली आहे. खालचे ५०० आणि वरचे ५०० मिळून ते १००० होतात. पाऊस काही दोन्ही मजल्यांवर वेगवेगळा पडत नाही. आम्ही टेप घेऊन गच्चीवर गेलो. २५ फूट गुणिले २० फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. १०.७६ नं भागलं की साधारण ४६ चौरस मीटर. हेच खरं क्षेत्रफळ. आकडा जागेवरच अर्धा झाला.

कौलारू घर असेल तर उलटी चूक होते. लोक उतरत्या कौलांची लांबी टेपनं मोजतात. ती तिरपी असल्यामुळं जास्त भरते. पण पाऊस धरायला छताची सावली महत्त्वाची, म्हणजे भरदुपारी डोक्यावर ऊन असताना छप्पर जमिनीवर जेवढी सावली पाडेल तेवढीच जागा धरायची. आणि दोनपाखी घराच्या मागच्या पाख्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या बोळात पडत असतील, तर तो पाखा हिशेबात घ्यायचाच नाही.

दुसरा आकडा पावसाचा. आपल्या जिल्ह्यात हा सगळ्यात फसवा आहे. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात १००० च्या आसपास, आणि पूर्वेला शिरोळकडं जेमतेम ५०० च्या आगेमागे. एवढा फरक ५०-६० किलोमीटरच्या दोन्ही बाजूंना! पेपरात येते ती बहुतेक वेळा जिल्ह्याची सरासरी. ती शिवाजी पेठेतल्या गच्चीलाही लागू नाही आणि शिरोळच्या शेतकऱ्याच्या पत्र्यालाही नाही. आपल्या जवळच्या महसूल मंडळाचा आकडा घ्यावा. काकांसाठी आम्ही १००० धरला. ४६ गुणिले १००० म्हणजे ४६,००० लिटर. पत्रकवाल्यानंही पाऊस १००० च्या आसपासच धरला असणार, कारण १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, त्याचे ९३,००० लिटर, आणि जाहिरातीत त्याचे लाख व्हायला कितीसा वेळ लागतो?

यातच तिसरा आकडा कुठं गेला ते कळलं. पत्रकात तो नव्हताच! पडलेला थेंबन् थेंब टाकीत जाणार असं धरलं होतं. प्रत्यक्षात कोरडी गच्ची आधी स्वतः पाणी पिते, खळग्यांत पाणी साचतं, काही वाऱ्यानं उडतं, काही वाफ होऊन जातं. भारतीय मानक ब्यूरोच्या २००८ च्या मार्गदर्शक मानकात यासाठी गुणांक दिलेत. लोखंडी पत्र्याला ०.९०, कौलाला ०.७५ आणि काँक्रीटच्या स्लॅबला ०.७०. काकांची गच्ची स्लॅबची. ४६,००० गुणिले ०.७० म्हणजे ३२,२०० लिटर.

लाखाचे बत्तीस हजार झाले. काकांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, अजून एक आकडा राहिलाय, आणि तो सूत्रात कुठंच नसतो. टाकी केवढी?

कारण हे ३२,००० लिटर एका दिवशी येत नाहीत आणि आपल्याला हवे तेव्हाही येत नाहीत. ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत येतात, नेमके नळालाही पाणी असतं तेव्हा. सगळं साठवून एप्रिल-मेमध्ये वापरायचं म्हटलं, तर ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २ मीटर खोल हौद लागेल. म्हणजे घरातली एक मोठी खोलीच पाण्याला द्यायची. २ गुंठ्यांतल्या पेठेच्या घरात हे कुणाला परवडणार? काका टाकी ठेवू शकत होते १००० लिटरची. आता समजा जुलैत ३०० मिलिमीटर पाऊस झाला. गच्चीवरून ९६६० लिटर येतील. घरात पाच माणसं. संडास, धुणंभांडी, फरशी पुसणं यासाठी रोज २०० लिटर वापरले तर महिन्याचे ६००० होतात. वरचे साडेतीन हजार टाकी भरून गटारीत. म्हणजे वर्षाचा गुणाकार कितीही येवो, हातात येणारं पाणी टाकी आणि रोजचा वापर ठरवतात, छत नव्हे.

'मग नाद सोडून देऊ म्हणता?' काकांनी विचारलं.

नाही. इथंच माझं मुद्द्याचं म्हणणं आहे. आपण चुकीच्या कारणासाठी हा हिशेब करतोय. उन्हाळ्यासाठी नव्हे, कोल्हापूरला छतावरचं पाणी हवं आहे पुरासाठी.

ऑगस्ट २०१९ आठवा. जुलै २०२१ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळेला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. शहराला वेढून पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. आमचं घर उंचावर, पुराचं पाणी आमच्या गल्लीत आलं नाही, पण नळ आमचाही कोरडाच. शिरोलीजवळ महामार्ग बंद, म्हणजे बाहेरून मदत यायलाही उशीर. २०२१ ला मी स्वतः कळशी आणि दोन बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत भर पावसात उभा होतो. डोक्यावर छत्री, आणि समोरच्या घराच्या पन्हळीतून मनगटाएवढी धार रस्त्यावर पडत होती. रांगेतल्या चाळीस जणांपैकी एकालाही त्या धारेखाली बादली धरावीशी वाटली नाही. मलाही नाही. एवढं आपण नळाला सोकावलोय.

आता तोच हिशेब पुराच्या दिवसांसाठी करा. काकांची १००० लिटरची टाकी भरलेली आहे. नळ बंद झाला. रोज २०० लिटर, म्हणजे माणशी ४० लिटर काटकसरीनं वापरले तर पाऊस अजिबात न पडता पाच दिवस निघतात. पण पाऊस पडतच असतो. गच्ची आधीच चिंब असल्यामुळं अशा वेळी वाहून येणारा हिस्साही वाढतो, ०.८० धरायला हरकत नाही. रोज फक्त ६ मिलिमीटर पाऊस पडला तर ४६ गुणिले ६ गुणिले ०.८० म्हणजे २२० लिटर. टाकी जेवढी उपसली तेवढी पुन्हा भरली! ६ मिलिमीटर म्हणजे आपल्याकडची साधी रिपरिप. ज्या १००० लिटरच्या टाकीला वर्षाच्या हिशेबात काही किंमत नव्हती, ती पुराच्या आठवड्यात पाच माणसांचं घर चालवते. पिण्याचं पाणी वेगळं ठेवायचं. छतावरचं प्यायची वेळच आली तर गाळून, उकळून. आणि छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते पिण्यासाठी धरूच नये, त्यात अॅस्बेस्टॉस असतं.

काकांनी टाकी बसवली. पत्रकवाल्याकडून नाही, ओळखीच्या प्लंबरकडून. आणि मग आम्ही दोघांनी मास्तरकी केली, म्हणजे टाकीची परीक्षा घेतली. गच्चीच्या मध्यावर, भिंतीपासून लांब, सरळ कडांचा एक डबा ठेवला. तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद असलेला डबा हवा, बादली चालत नाही. पावसानंतर पट्टी बुडवायची. डब्यात २ सेंटिमीटर पाणी म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. टाकीत काठी बुडवून आधीची आणि नंतरची पातळी बघायची.

पहिल्या खेपेला डब्यात २० मिलिमीटर. गच्चीवर पडलं ९२० लिटर, टाकीत यायला हवं होतं साधारण ६४० लिटर. आलं ३३०! निम्मंच. काका वैतागले, 'तुमचं गणित चुकलं सर.' मी म्हटलं, बरोबर निम्मं येतंय म्हणजे निम्मी गच्ची दुसरीकडं चाललीय. वर जाऊन बादलीभर पाणी ओतून बघितलं. गच्चीला दोन निकास होते आणि पाठीमागच्या बोळात उतरणारा पाइप प्लंबरनं टाकीला जोडलाच नव्हता. तो जोडून घेतला. पुढच्या संततधारेत डब्यात १८ मिलिमीटर, पडलं ८२८ लिटर, टाकीत आलं ६९०. म्हणजे ०.८३. ओल्या गच्चीचा हिशेब बरोबर जुळला.

या परीक्षेला खर्च शून्य आहे. आलेलं पाणी हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास असेल तर एखादा निकास जोडलेला नाही किंवा बुजलाय. रिपरिपीत बरोबर येतं आणि जोराच्या वळवात कमी येतं, तर पन्हळ किंवा पाइप लहान पडतोय आणि पाणी वरून उडतंय. कोरड्या दिवसांनंतरच्या २-३ मिलिमीटरच्या सरीत टाकीत काहीच आलं नाही, तर मात्र घाबरू नका. ती सर गच्चीनंच पिऊन टाकली. ०.७० हा अख्ख्या मोसमाचा आकडा आहे, एका सरीचा नव्हे.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दाखवण्यापुरती केलेली दिसते. गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण, पाला पहिल्या पाण्याबरोबर येतो. ते पहिलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नसतं. किमान पहिला १ मिलिमीटर बाहेर काढावा, म्हणजे काकांच्या गच्चीचे ४६ लिटर. त्यासाठी टाकीच्या आधी बूच लावलेला उभा पाइप देतात. तो आधी भरतो आणि मग पाणी टाकीकडं वळतं. पण ४ इंची पाइपात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात. ४६ लिटरसाठी जवळजवळ ६ मीटर पाइप हवा. काकांकडं लावला होता १ मीटरचा. ३८ लिटर घाण सरळ टाकीत! टाकीचं पाणी पहिल्या सरीनंतर चहासारखं दिसलं तर कारण हेच. उपाय सोपा आहे. पाइपाऐवजी ५० लिटरचं बॅरल बसवायचं आणि प्रत्येक कोरड्या खंडानंतर ते रिकामं करायचं. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

आता मुद्दा सार्वजनिक कारभाराचा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पाऊसपाणी संकलनाची सक्ती आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ५ गुंठे. आमच्या पेठांमध्ये ५ गुंठ्यांचं घर किती जणांचं आहे? एक-दोन गुंठ्यांतली सगळी जुनी वस्ती नियमाबाहेर. आणि जिथं सक्ती आहे तिथं बहुतेकदा एक शोषखड्डा काढून पूर्णत्वाचा दाखला मिळवला जातो. शोषखड्डा उंचावरच्या, मुरमाच्या जागेत चांगलाच आहे. बोअर किंवा विहिरीला गाळून पाणी सोडणंही चांगलं. पण नदीकाठच्या सखल भागात, चिकट काळ्या मातीत, ऐन जुलैत भूजल आधीच वर आलेलं असतं. खड्डा खालूनच भरतो, तिथं पाणी मुरणार कुठं? त्या भागाला टाकी हवी. पूर आला की नळ बंद पडायची सगळ्यात जास्त भीती तिथंच असते. खड्डा खणून नियम पाळला जाईल, पण पुरात त्या इमारतीला बादलीभर पाणी मिळणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. बांधकाम नकाशावर वर्षाचे लाखो लिटर लिहून घेऊ नका. छताचं खरं क्षेत्रफळ, त्यातलं किती कुठल्या पाइपाला जोडलं आणि टाकी किती लिटरची, एवढंच लिहून घ्या. तपासणी जानेवारीत कागदावर नको, जुलैत पावसात करा, डबा आणि काठी घेऊन. आणि सगळ्यात आधी ज्या शाळा पुरात निवारा केंद्र होतात, त्यांच्या छतांना टाक्या बसवा. ६०० चौरस मीटर छत असलेल्या शाळेवर १० मिलिमीटर पाऊस पडला की ०.८० नं ४८०० लिटर मिळतात. आपत्तीत माणशी किमान १५ लिटर धरतात. १५० माणसांना दिवसाला २२५० लिटर, म्हणजे त्या एका पावसात दोन दिवसांची सोय. तेवढा एक टँकर दुसऱ्या वस्तीला मोकळा होतो.

काही जण म्हणतील, आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली, २०२३ अखेर पाणी शहरात पोचलं, मग हे कशाला? पाइपलाइन आली हे चांगलंच झालं, त्यासाठी शहरानं वर्षानुवर्षं वाट बघितली. पण ती ५० किलोमीटरच्या वर लांब आहे आणि धरणातून पाणी उचलायला वीज लागते. ज्या वादळी पावसात पूर येतो त्याच पावसात वीजही जाते. गच्चीवरून खाली यायला पाण्याला वीज लागत नाही.

काकांचं पत्रक अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. १ लाख लिटरच्या खाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'खरे ३२ हजार. हातात जास्तीत जास्त २० हजार. पण पुरात ५ दिवस.' मला विचाराल तर शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आहे.

आपापल्या छताची लांबी-रुंदी मोजा आणि कमेंटमध्ये टाका, सोबत छत कसलं आहे तेही लिहा. लिटर मी काढून देतो. पण टाकी किती लिटरची, ते मात्र तुम्ही सांगायचं.